कापूस दहा एकर, रोज उणे चार

सिम्प्लेक्स तक्ता मांडायचा तर आधी मर्यादांची समीकरणे करावी लागतात. परभणीकडच्या एका कोरडवाहू शेताचा हिशेब घेऊ. आकडे गोल केलेले आहेत. जमीन १० एकर. सोयाबीन x एकर, कापूस y एकर. मजुरांचे रोज १६०. सोयाबीनला एकरी १० रोज लागतात, कापसाला वेचणी धरून २०. दहा रोजांचा एक गट धरला, तर मर्यादा १६ गटांची होते. मजुरी वजा जाता नफा एकरी १२ आणि १५ हजार.

पडीक राहिलेली जमीन s₁ आणि न वापरलेले रोज s₂ हे स्लॅक चल. ते मिळवले की ‘पेक्षा जास्त नको’ या अटींची समीकरणे होतात. सुरुवातीला काहीच पेरलेले नाही, म्हणून सगळे स्लॅकमध्येच आहे:

```
      x    y   s₁   s₂ | उजवी बाजू
s₁    १    १    १    ० |  १०
s₂    १    २    ०    १ |  १६
Z   -१२  -१५    ०    ० |   ०
```

Z च्या ओळीत सर्वांत उणा आकडा −१५, म्हणून y चा स्तंभ घ्यायचा. (हा केवळ रिवाज आहे, −१२ घेतले तरी शेवट तोच येतो.) ओळ निवडताना मात्र मोकळीक नाही. उजवी बाजू स्तंभातल्या धन आकड्यांनी भागायची: १०÷१ = १०, १६÷२ = ८. लहान भागाकाराची ओळ घ्यायची.

हा तक्ता मी पहिल्यांदा सोडवला तेव्हा मोठा भागाकार घेतला. दहाही एकर कापूस, Z = १५०. उत्तर छान वाटले. मग s₂ समोर −४ दिसले: वेचणीला ४० रोज कमी. उजव्या बाजूला उणे आकडा आला, की पिव्होटची ओळ चुकली असे समजावे.

योग्य पिव्होट २. ती ओळ २ ने भागायची, मग तिच्या पटी इतर ओळींत मिळवून स्तंभात शून्ये आणायची. आता y = ८, s₁ = २, Z = १२०; रोज संपले, दोन एकर पडीक. पण x खाली −४.५ आहे, म्हणजे थांबता येत नाही. भागाकार २÷½ = ४ आणि ८÷½ = १६; पहिली ओळ.

```
      x    y   s₁   s₂ | उजवी बाजू
x     १    ०    २   -१ |   ४
y     ०    १   -१    १ |   ६
Z     ०    ०    ९    ३ | १३८
```

Z च्या ओळीत आता उणे काही नाही, इथे थांबायचे. सोयाबीन ४ एकर, कापूस ६ एकर, नफा १ लाख ३८ हजार.

स्लॅकखालचे ९ आणि ३ मला उत्तराइतकेच मोलाचे वाटतात. आणखी एक एकर मिळाला तर नफा ९ हजारांनी वाढेल. एक जादा रोज मिळाला तर मजुरी देऊनही ३०० रुपये उरतील. अकरा एकर धरून पडताळले: सोयाबीन ६, कापूस ५, नफा १४७ हजार. हा दर सरसकट चालत नाही. जमीन १६ एकर झाली की कापूस शून्यावर येतो, आणि पुढच्या एकरासाठी तक्ता नव्याने मांडावा लागतो.