न फिरलेला स्पिंडल

तात्यांचे गुडघे गेले आणि आमचे स्पिंडल ट्रान्सपोर्टने जायला लागले. तोवर दुरुस्त झालेला प्रत्येक स्पिंडल तात्याच टेम्पोतून पोहोचवत. गिऱ्हाइकाच्या फिटरला बाजूला घेऊन तंबाखू मळता मळता दोन गोष्टी सांगत आणि परत येत. त्या दोन गोष्टींचं मोल मला तात्या घरी बसल्यावर कळलं. मग खोक्यात गॅरंटी कार्ड जायला लागलं. ते चलानासोबत अकाउंटमध्ये फाइलला लागायचं, आणि खोकं उघडणाऱ्या माणसाच्या हाती एकटा स्पिंडल यायचा.

टेपरला उघडा हात लावू नये, बसवताना नाकावर हातोडी मारू नये, हे कार्डावर असतंच आणि बहुतेकांना ठाऊकही असतं. घामेजल्या बोटाचा ठसा पावसाळ्यात आठवड्याभरात गंजून वर येतो. तो दिसतो, त्यामुळे त्यावर वादही होत नाही. माझं घोडं अडतं ते एकाच जागी. मशीन अजून यायचं आहे म्हणून स्पिंडल रॅकवर ठेवला, कोणी हात लावला नाही, आणि तो तिथेच पडल्या पडल्या खराब झाला, हे गिऱ्हाइकाला पटवून कसं द्यायचं?

शिरोलीतल्याच एका शॉपचं उदाहरण घ्या. व्हीएमसीचा स्पिंडल, पुढच्या बाजूला सत्तर मिलिमीटर बोअरची अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगं. इथून निघताना टेपरच्या तोंडाशी रनआउट दोन मायक्रॉनच्या आत होता आणि टेस्ट स्टँडवर पुढच्या बेअरिंगचं तापमान एका जागी स्थिर झालं होतं. पावसाळाभर तो त्यांच्या स्टोअरमध्ये राहिला. दसऱ्याला मशीनवर चढवला आणि पहिल्याच दिवशी घरघर. मालकांचा फोन आला, "सहा महिन्यांची गॅरंटी लिहून दिलीय ना तुम्ही? आम्ही तर चालवलाच नाही. चालवला नाही तर बिघडला कसा?"

प्रश्न अगदी रास्त आहे. न वापरलेली वस्तू नवीच असते, असंच कोणालाही वाटणार.

स्पिंडल परत आणून खोलला. ग्रीस जागोजागी तांबूस-तपकिरी झालेलं. रिंगा धुऊन भिंगाखाली धरल्या तर आतल्या रिंगेच्या गाळ्यात सारख्या अंतरावर फिकट डाग. मोजले, बेअरिंगमध्ये जितक्या गोळ्या तितकेच. शाफ्टच्या वजनाची बाजू असेल तिकडचे डाग ठळक, समोरचे पुसट. म्हणजे स्पिंडल आडवा, एकाच कुशीवर, न हलता पडून होता.

आता असे डाग आपटल्यानेही पडतात, आणि भांडण तिथेच सुरू होतं. ट्रान्सपोर्टवाल्याने टाकला असेल, तुमच्याच पोरांनी बसवताना ठोकला असेल, असं गिऱ्हाईक म्हणू शकतं. पण दोन्हींतला फरक भिंगाखाली स्वच्छ दिसतो. आपटल्यावर गोळी स्टीलमध्ये दबते. खड्डा पडतो, पण ग्राइंडिंगच्या मूळ बारीक रेघा खड्ड्याच्या तळाशी तशाच दिसतात, फक्त खाली गेलेल्या. कंपनाने झालेल्या डागात त्या रेघाच नसतात, घासून गेलेल्या असतात. पहिल्याला ब्रिनेलिंग म्हणतात, गोळी दाबून धातूचा कठीणपणा मोजणाऱ्या स्वीडनच्या ब्रिनेलच्या नावावरून. दुसरं दिसायला त्याच्यासारखं, म्हणून फॉल्स ब्रिनेलिंग. अमेरिकेत रेल्वेने लांब पाठवलेल्या कोऱ्या मोटारींच्या चाकांची बेअरिंगं उतरवेपर्यंत याच रोगाने खराब झालेली निघायची. १९३०च्या दशकात त्याचा नीट अभ्यास झाला.

शिरोलीच्या स्पिंडलचं कारण सोपं आहे. त्यांच्या स्टोअरच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा पॉवर प्रेस. प्रत्येक ठोक्याला जमीन हलते, रॅक हलतो आणि गोळी आपल्या जागी केसाहूनही कमी मागे-पुढे होते. फिरणारी गोळी ग्रीस सोबत ओढत नेते. जागच्या जागी हलणारी गोळी मात्र पायाखालचं ग्रीस बाजूला सारते, आणि ते परत यायला काही कारणच उरत नाही. मग स्टीलवर स्टील, झोपेत दात खाणाऱ्या माणसासारखं. त्यातून निघणारी भुकटी हवेने तांबूस होते आणि पुढे तीच घासायचं काम करते.

मी हे सगळं मालकांना भिंगाखाली दाखवलं. त्यांनी पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण हे आधी कोण सांगणार?"

कार्डावर होतं. तिसऱ्या ओळीत, मीच लिहिलेलं, "कंपनरहित ठिकाणी ठेवावे." ते वाक्य मला फार आवडायचं, एखाद्या मोठ्या कंपनीच्या कॅटलॉगात शोभेलसं. तात्या तेच "प्रेसच्या अंगाला ठेवू नका, पंधरा दिवसांनी जरा फिरवा" असं सांगत, आणि मला ते गावठी वाटायचं. गिऱ्हाइकाला अवघड वाटावं असं लिहिण्यात माझी थोडी हौस होती, हे नाकबूल करत नाही. 'स्पिंडलचे डॉक्टर' म्हणवून घ्यायलाही आवडतं.

आमच्या धंद्यातले काहीजण वर्षाची गॅरंटी छापतात आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत "हाताळणीतील दोषास कंपनी जबाबदार नाही". कुठली हाताळणी ते सांगत नाहीत, कारण ते सांगितलं तर नाही म्हणायची सोय जाते. त्यांच्याकडचा स्पिंडल माझ्या टेबलावर आला की मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

आता कार्ड अकाउंटला जात नाही. टेपरच्या प्लास्टिक बुचाला तारेने एक पुठ्ठा बांधतो, तो काढल्याशिवाय टूल बसतच नाही. त्यावर पहिलं वाक्य जागेबद्दल: प्रेस, कॉम्प्रेसर, हॅमर यांच्यापासून लांब, जाड फोमवर, पिशवी न फाडता. जागा आधी, कारण फिरवण्याने रोग जात नाही. गोळी नव्या जागी येते, ग्रीस पुन्हा पसरतं आणि नुकसान एका ठिकाणी साचत नाही, एवढंच. प्रेसच्या शेजारी ठेवून रोज फिरवला तरी तो वाचेलच असं मी लिहून देणार नाही. मग दर पंधरा दिवसांची चौकट, फिरवणाऱ्याने तारीख घालून सही करायची. पाचसहा वेढे, हाताने, सावकाश. "हाताने" हा शब्द लाल अक्षरात, कारण तरुण पोरं एअर गन लावून शाफ्ट सुसाट फिरवतात आणि आवाज ऐकत उभी राहतात. त्याने गोळ्या घसरतात आणि सीलमधून धूळ आत जाते.

पडून राहिलेला स्पिंडल थेट आठ हजारांवर न्यायचा नाही, हेही त्यावर आहे. पाचशेपासून सुरुवात, टप्प्याटप्प्याने वर, प्रत्येक टप्प्यावर तापमान थांबेपर्यंत थांबायचं. ते एकदम चढलं तर बंद करून गार होऊ द्यायचं आणि खालच्या टप्प्यापासून पुन्हा.

चौकटीत सह्या नसतील तर गॅरंटी नाही, असं मी ठरवलं. पुतण्या म्हणाला, "काका, लोक एका बैठकीत सगळ्या सह्या ठोकतील." ठोकतातच. एकाच पेनाच्या, एकाच तिरक्या हाताच्या सह्या ओळखू येतात. पण त्यावरून गिऱ्हाइकाला खोटं पाडायला मी काही कोर्टात बसलेलो नाही. भिंग खरं ते सांगतं. पुठ्ठ्याचा उपयोग एवढाच की स्टोअरवाल्याच्या नजरेला ती चौकट रोज पडते.

त्या शिरोलीच्या मालकांकडून मी बेअरिंगचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. पुतण्याच्या मते दोन्ही घ्यायला हवं होतं. हल्ली डिस्पॅचच्या आधी मी फोन करून विचारतो, मशीन कधी लागणार? महिन्यापलीकडचं उत्तर आलं तर स्पिंडल आमच्याकडेच फोमवर ठेवतो आणि गॅरंटी पाठवल्या दिवसापासून धरतो. गिऱ्हाइकं त्यावर खूश आहेत. जागा मात्र संपत आली आहे, आणि भाडं आकारायचं की नाही यावर घरात अजून एकमत नाही.