रात्रीची गोळी आणि चुकलेला दिवस

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कोलेस्टेरॉलच्या गोळीपुढे बहुधा '०-०-१' असे लिहिलेले असते. सकाळी नाही, दुपारी नाही, रात्री एक. औषधांच्या दुकानात तीस वर्षे उभे राहताना या तीन आकड्यांवरून मला दोन प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारले गेले. ही गोळी रात्रीच का? आणि काल रात्री ती राहून गेली, तर आता काय करायचे? दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती एकत्रच सांगतो.

आपल्या रक्तातले कोलेस्टेरॉल केवळ तुपातून आणि अंड्यांतून येते, असा आपला समज असतो. वास्तविक त्याचा मोठा भाग आपले यकृतच तयार करते, आणि हे काम मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत सर्वांत जोरात चालते. पोटात नवे अन्न नसते, त्या वेळी यकृत आपल्या घरचा कारखाना चालवते म्हणा ना. स्टॅटिन वर्गातल्या गोळ्या या कारखान्यातले एक महत्त्वाचे यंत्र मंद करतात. घरची निर्मिती घटली की यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडू लागते, आणि मग ते रक्तातले एलडीएल, म्हणजे अपायकारक समजले जाणारे कोलेस्टेरॉल, अधिक प्रमाणात ओढून घेते. रक्त स्वच्छ होते ते या ओढून घेण्यामुळे.

या वर्गातली पहिली गोळी, लोव्हास्टॅटिन, १९८७ साली अमेरिकेत बाजारात आली. तिच्यामागोमाग सिमव्हास्टॅटिन आले. या दोन्ही औषधांचा अंमल शरीरात थोडेच तास टिकतो. सकाळी घेतलेल्या गोळीचा जोर मध्यरात्रीपर्यंत ओसरून गेलेला असतो, म्हणजे कारखाना जोरात असताना पहारेकरी घरी गेलेला. म्हणून या गोळ्या संध्याकाळी किंवा रात्री घेण्याचा नियम पडला, आणि त्यांच्यासाठी तो आजही योग्यच आहे.

परंतु आज आपल्याकडे बहुतेक घरांत दिसतात त्या अॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिनच्या गोळ्या. त्यांची गोष्ट निराळी आहे. रोसुव्हास्टॅटिनचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे १९ तास लागतात, आणि अॅटोरव्हास्टॅटिनचा अंमलही जवळजवळ दिवसभर पुरतो. ही गोळी सकाळी घेतली तरी मध्यरात्री तिचे काम चालूच असते. असे असूनही चिठ्ठीवर '०-०-१' येते, ते पुष्कळदा जुन्या सवयीमुळे. तेव्हा पट्टीवर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले औषधाचे मूळ नाव भिंग लावून वाचा. ते अॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असेल आणि रात्री विसर पडत असेल, तर 'ही सकाळी घेतली तर चालेल का?' असे डॉक्टरांना निःसंकोच विचारा.

आता चुकलेल्या दिवसाविषयी. रात्रीची गोळी राहिल्याचे सकाळी लक्षात आले आणि पुढच्या गोळीला अजून बारा तासांहून अधिक अवकाश असेल, तर ती तेव्हाच घ्यावी आणि रात्रीची नेहमीच्या वेळी. दुपार उलटून गेली असेल, तर ती सोडून द्यावी. सिमव्हास्टॅटिनसारखी अल्पकाळ टिकणारी गोळी असेल, तर सरळ त्या रात्रीचीच घ्यावी. कोणत्याही परिस्थितीत दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. त्याने कालची तूट भरून निघत नाही, उलट स्नायूंना त्रास होण्याचा धोका मात्र वाढतो.

एका चुकलेल्या दिवसाने एलडीएलमध्ये फारसा फरक पडत नाही. यकृताची ओढून घेण्याची क्षमता एका रात्रीत नाहीशी होत नाही, आणि रक्तातले एलडीएलही काही दिवसांच्या गतीनेच वरखाली होते. पण ही सवलत एका दिवसापुरतीच. सलग दिवस चुकत गेले की दोनतीन आठवड्यांत आकडे जवळपास गोळी सुरू करण्यापूर्वीच्या जागी परततात.

माझ्या पाहण्यातले एक उदाहरण सांगतो. एक काका, वय ७२. गोळी सुरू होण्यापूर्वी त्यांचे एलडीएल १४२ होते. रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमवर ते ७८ झाले आणि वर्षभर तिथेच राहिले. मग एका तपासणीत अचानक १२१ आले. गोळीचा डोस दुप्पट करण्याचे ठरत होते. त्यांच्या सूनबाई विचारायला आल्या, तेव्हा मी त्यांना म्हटले, "आधी घरातल्या पट्ट्या मोजून या." महिन्यापूर्वी दहा-दहाच्या तीन पट्ट्या नेल्या होत्या, त्यातली एकही गोळी उरायला नको होती. उरल्या होत्या चौदा. काका बातम्या पाहता पाहता खुर्चीतच झोपी जात, म्हणून चार रात्री सुटलेल्या. उरलेल्या दहा सलग होत्या. ते लेकीकडे नाशिकला गेले, पट्टी घरीच राहिली, आणि परतल्यावर दुसऱ्याच दिवशी रक्त तपासले गेले.

सूनबाईंनी ही मोजणी डॉक्टरांना सांगितली. त्यांनी डोस तोच ठेवला आणि गोळी सकाळी, रक्तदाबाच्या गोळीसोबत घ्यायला सांगितली. सहा आठवड्यांनी एलडीएल ८० आले. डोस दुप्पट केला असता तरी एरवी फायदा थोडकाच झाला असता, कारण स्टॅटिनची मात्रा दुप्पट केल्याने एलडीएल साधारण आणखी सहा टक्केच उतरते. न घेतलेल्या गोळीची उणीव मोठ्या गोळीने भरून निघत नाही.

म्हणून घरातल्या ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना माझी विनंती आहे की लिपिड प्रोफाइलचा आकडा चढलेला दिसला, तर आधी पट्टी मोजा आणि ती संख्या डॉक्टरांना सांगा. "गोळ्या घेता ना?" या प्रश्नाला "हो, घेतो" हेच उत्तर मिळते, आणि सांगणाऱ्याला ते खरेच वाटत असते. मात्र अंग दुखते म्हणून गोळी जाणूनबुजून टाळली जात असेल, तर तेही विचारून घ्या. नव्याने सुरू झालेली स्नायूंची तीव्र वेदना, अशक्तपणा किंवा गडद रंगाची लघवी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा. हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या अनेकांना आपल्याकडे एकाच कॅप्सूलमध्ये तीन औषधे दिली जातात: स्टॅटिन, अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. घरात तिलाही 'कोलेस्टेरॉलची गोळी' असेच म्हटले जाते. ती राहिली की रक्ताच्या गुठळ्या रोखणारी औषधेही राहतात, आणि स्टेंट नवा असताना त्यांच्यात पडलेला खंड जिवावर बेतू शकतो. वर सांगितलेली एका दिवसाची सवलत या कॅप्सूलला लागू नाही. ती चुकल्यास डॉक्टरांना फोन करूनच पुढचे ठरवा, आणि आपल्या घरातली गोळी एकेरी आहे की तिहेरी, हे पट्टीवर आजच वाचून ठेवा.