रेंज नसलेल्या रस्त्यावरचे उत्तर

धानोऱ्याहून मुरूमगावकडे जाणारा रस्ता जंगलातून जातो, आणि त्यावर मधूनमधून मोबाईलची रेंज पूर्णपणे नाहीशी होते. आठवड्यातून एकदा माल पोहोचवण्यासाठी मी याच रस्त्याने जातो. गाडी चालवताना फोन हातात घेणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याखाली दंडास पात्र गुन्हा आहेच. परंतु येथे प्रश्न त्याच्याही आधी सुरू होतो. फोन वाजतच नाही. मग पलीकडच्या माणसाला उत्तर द्यायचे कोणी?

आपल्यातील बहुतेक दुकानदार व्हॉट्सॲप बिझनेस वापरतात. त्यात Business tools मध्ये Away message आहे. आपण गैरहजर असताना येणाऱ्या संदेशाला ते ठरवून दिलेले उत्तर आपोआप पाठवते. ही सोय उत्तम आहे, मात्र तिची एक अट फारसे कोणी ध्यानात घेत नाही : आपला फोन इंटरनेटला जोडलेला असेल तरच हे उत्तर जाते. म्हणजे गडचिरोलीच्या बाजारात फिरताना ते काम करील, पण रेंज गेलेल्या वळणावर नाही. ग्राहकाच्या फोनवर संदेशापुढे एकच टिक दिसत राहते. ती एकच टिक म्हणजे संदेश आपल्यापर्यंत आलेलाच नाही, आणि जो आला नाही त्याला उत्तर कुठून जाणार?

दुसरी मर्यादा आमच्या भागात अधिक जाणवते. हे उत्तर फक्त व्हॉट्सॲपच्या संदेशाला मिळते, साध्या फोनला नाही. आमचे पुष्कळ ग्राहक घरात गोंडी बोलतात आणि लिहिण्यापेक्षा फोन करणे पसंत करतात. चुकलेल्या फोनला आपोआप एसएमएस पाठवणारी ॲप मिळतात, पण ती एसएमएस आणि कॉलची नोंद वाचण्याची परवानगी मागतात. बँकेचा ओटीपी त्याच एसएमएसच्या पेटीत येतो. ज्या फोनवरून रोजची देवाणघेवाण चालते, त्यावर अशी परवानगी अनोळखी ॲपला द्यावी, असे मला वाटत नाही.

म्हणून मी कॉल दुसरीकडे वळवण्याचा मार्ग धरला. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये Call forwarding उघडले की चार पर्याय दिसतात : प्रत्येक फोन वळवणे, लाइन व्यस्त असताना, न उचलल्यास आणि फोन संपर्कात नसल्यास. मला हवा तो शेवटचा, When unreachable. तेथे दुकानातील दुसऱ्या फोनचा नंबर भरला. हे काम आपला फोन नव्हे, तर मोबाईल कंपनीची यंत्रणा करते. त्यामुळे फोन बंद असला तरी ते चालते. वळवलेला फोन मात्र आपल्याच सिमवरून केलेला कॉल धरला जातो, तेव्हा आपला प्लॅन पाहून घ्यावा.

पारख सोपी आहे. फोन विमान मोडवर टाकावा, मिनिटभर थांबावे आणि घरातील तिसऱ्या फोनवरून आपला नंबर लावावा. दुकानातला फोन वाजला, तर काम झाले. पूर्वी आकडे दाबूनही ही सोय सुरू करता येई. फसवणुकीमुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून ती पद्धत थांबवण्यास सांगितले. फोनवर कोणी *401* लावून पुढे अमुक नंबर दाबा असे सांगितले, तर मुळीच दाबू नये. त्याने आपले फोन, आणि फोनवर सांगितले जाणारे ओटीपीही, परक्याकडे जातात.

गेल्या हंगामात धानाचा ट्रक रांगीच्या बाजूने येत होता. चालकाला माल कोणत्या गोदामात उतरवायचा ते कळेना, आणि मी तेव्हा जंगलात. त्याचा फोन दुकानात वाजला, सूनबाईंनी गोदाम सांगितले आणि हमालही बोलावून ठेवले. मला हे मुरूमगावात चहा पिताना समजले. आधीच्या व्यवस्थेत तो ट्रक संध्याकाळपर्यंत फाट्यावर उभा राहिला असता, आणि थांबण्याचे भाडे वेगळे द्यावे लागले असते.

Away message मी काढून टाकलेला नाही. झोपेसाठी आणि सुट्टीसाठी तोच योग्य. रात्रीकरिता Outside of business hours निवडावे, परंतु त्याआधी दुकानाची वेळ प्रोफाइलमध्ये भरलेली हवी. पर्युषणात दुकान बंद असते, तेव्हा Custom schedule मध्ये सुरुवातीची व शेवटची तारीख-वेळ द्यावी. ती वेळ संपली की उत्तर आपोआप थांबते. माझा मजकूर असा आहे :

“नमस्कार. सध्या उत्तर देता येत नाही. मालाची यादी येथेच पाठवावी, सोमवारी सकाळी पाहीन. तातडीचे असल्यास दुकानाच्या नंबरवर फोन करावा.”

यात भाव लिहीत नाही, कारण मोहाचा भाव बदलला तरी जुना आकडा आपल्याच नावाने जात राहतो. सहकुटुंब यात्रेला गेलो आहोत, हेही लिहीत नाही. घराला कुलूप आहे, हे प्रत्येक अनोळखी नंबराला कशाला कळवावे?