अहवालातील ‘एक नातेवाईक’

आमच्या आडते बाजारातील पेढीवर आजही हाताने लिहिलेला रोजमेळ ठेवला जातो. लिहिलेली रक्कम खोडायची नाही, चूक झाली असेल तर खाली नवी नोंद करायची, हा वडिलांचा दंडक. गेल्या मे महिन्यात जलतरण तलावाच्या जीवरक्षकाने लिहिलेला तीन पानांचा अहवाल माझ्या हाती आला, तेव्हा हा दंडक मला वेगळ्याच रीतीने आठवला. त्या अहवालात एक नोंद माझी होती आणि ती खोडली जावी अशी माझी इच्छा होती.

बारा वर्षांचा माझा भाचा सुट्टीसाठी श्रीरामपूरहून अहिल्यानगरला आमच्याकडे आला होता. मी त्याला रोज सकाळी पोहायला नेत असे. पोहणे त्याला चांगले येत होते, म्हणून मी काठावरच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत असे. त्या दिवशी मुलांमध्ये पैज लागली होती : तलावाची रुंदी पाण्याखालून, वर न येता, जाऊन-येऊन दोनदा कापायची. पाणी जेमतेम साडेचार फूट होते. पाय टेकले असते तर त्याचे डोके पाण्याबाहेर राहिले असते.

कॅमेऱ्याच्या चित्रणावरून जीवरक्षकाने वेळा लिहिल्या आहेत. ७ वाजून ४१ मिनिटे २० सेकंदांनी मुलगा पाण्याखाली गेला. त्यापूर्वी त्याने पंधरा-वीस वेळा भराभर, खोल श्वास घेतले होते. असे केल्याने छातीत जास्त हवा साठते, अशी मुलांची समजूत असते. प्रत्यक्षात प्राणवायू फारसा वाढत नाही, रक्तातील कार्बन डायऑक्साइड मात्र निघून जातो. श्वास घेण्याची तगमग प्रामुख्याने त्याच वायूच्या वाढीने होते. तो कमी झाल्यामुळे तगमग उशिरा होते आणि ती होण्यापूर्वीच प्राणवायू संपून शुद्ध हरपते. हात मारणे नाही, ओरडणे नाही. ७.४२ ला त्याची हालचाल थांबली, तरी शेजारच्या मुलांना तो अजून पैजच खेळतो आहे असे वाटत होते.

जीवरक्षकाच्या लक्षात ते आले ७.४२.४० ला. म्हणजे चाळीस सेकंद उशिरा. हे त्याने स्वतःच लिहिले आहे आणि कारणही दिले आहे : त्याची उंच खुर्ची पश्चिमेच्या काठावर होती, समोरून कोवळे ऊन पाण्यावर पडत होते आणि त्या चकाकीत तळ दिसत नव्हता. शिटी वाजवून तो उडी मारून गेला. ७.४३.०५ ला मुलगा काठावर होता. ओठ निळसर, नाकातोंडाशी पांढरा फेस.

पुढची नोंद अशी आहे : ‘७.४३.१५ – एका नातेवाईकाने मुलाचे पाय धरून त्याला उलटे करण्याचा प्रयत्न केला. त्यांना दूर करण्यात दहा सेकंद गेली.’

तो नातेवाईक मी. ‘आधी पोटातले पाणी काढा’ असे मी ओरडत होतो. लहानपणी विहिरीवर पाहिलेले तेवढेच मला ठाऊक होते. फुप्फुसात गेलेले पाणी सहसा थोडे असते. त्यातले बरेचसे शरीर शोषून घेते, ते ओतून काढता येत नाही. पोट दाबले की बाहेर येते ते जठरातले, आणि तेच श्वासनलिकेत शिरण्याचा धोका असतो. हे मला नंतर कळले. बुडालेल्याला मिठात झाकून ठेवले की तो जिवंत होतो, असा एक संदेशही मोबाइलवर फिरत असतो. आमच्या दुकानात मिठाची पोती असतात. त्या सकाळी कोणी तसे सुचवले असते तर मी ती उघडली नसती, असे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

मला बाजूला सारून त्याने मुलाला उताणे निजवले, हाक मारली आणि छाती हलते का ते पाहिले. ती हलत नव्हती. नाडी शोधण्यात त्याने वेळ घालवला नाही. घाईत ती भल्याभल्यांना सापडत नाही. कपाळ मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरलेले, आणि ७.४३.३० ला पहिला श्वास. फेस पुसत बसण्यापेक्षा त्याने फेसातूनच फुंकर घातली. प्रत्येक श्वास साधारण एक सेकंदाचा, छाती वर उचललेली दिसेपर्यंतच, असे पाच श्वास. मग छातीवर दाब.

हा क्रम मला खटकला होता. हृदयविकाराच्या झटक्याविषयी पेपरात वाचले होते की आधी छाती दाबावी, तोंडाने श्वास नाही दिला तरी चालतो. नंतर मी त्याला विचारलेही. तो म्हणाला, “शेठजी, झटक्यात हृदय अचानक थांबतं, पण रक्तात प्राणवायू असतो. तो फिरवला तरी काही वेळ भागतं. बुडालेल्याच्या रक्तातला प्राणवायूच संपलेला असतो. रिकामं रक्त फिरवून काय होणार?” युरोपातील पद्धतीत सुरुवातीला पाच श्वास देतात, अमेरिकेतील पद्धतीत दोन. श्वासाने सुरुवात करावी यावर दोन्हींचे एकमत आहे.

तोवर त्याच्या सहकाऱ्याने १०८ ला फोन लावून तो मोबाइल शेजारी उघडाच ठेवला होता. दोघे असल्यामुळे पंधरा दाब आणि दोन श्वास असे चक्र चालले. एकटा असता तर तीस आणि दोन. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहात, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या गतीने, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. बघताना ते फार निष्ठुर वाटते.

७.४४.५० ला मुलाला उलटी झाली. त्याला कुशीवर वळवून तोंड साफ केले आणि पुन्हा सुरुवात. ७.४५.२० ला त्याने तोंड उघडून एक आचका दिला. मी आनंदाने ‘श्वास आला!’ म्हणालो. जीवरक्षक थांबला नाही. असे तुरळक आचके म्हणजे श्वसन नव्हे. तिथे थांबलेले पुष्कळजण फसतात, असे त्याने नंतर सांगितले. ७.४५.५० ला खोकला आला आणि पाठोपाठ रडणे. मग दाब थांबवले, मुलाला कुशीवर ठेवले, ओले कपडे काढून टॉवेलांत गुंडाळले आणि तलावावरच्या सिलिंडरचा प्राणवायू मास्कने लावला. ८.०१ ला रुग्णवाहिका आली.

मुलगा बोलू लागला होता, म्हणून मी त्याला घरी न्यायच्या विचारात होतो. जीवरक्षकाने मोडता घातला. पाण्याने दुखावलेली फुप्फुसे पुढच्या काही तासांत सुजू शकतात. खोकला थांबत नसेल, श्वास जलद चालत असेल, तर घर हे ठिकाण नव्हे. रुग्णालयात छातीचा एक्स-रे काढला, रात्रभर प्राणवायूवर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडले. बहिणीला मी फोनवर ‘थोडं पाणी गेलं होतं’ एवढेच सांगितले होते.

आठवड्याने मी तलावावर गेलो. आभार मानले आणि जरा आडवळणाने म्हणालो, ती दहा सेकंदांची नोंद वगळता येणार नाही का? तो तिशीतला तरुण काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मग माझे चाळीस सेकंदही काढावे लागतील.” मी पुढे काही बोललो नाही.

त्याच अहवालावरून आता सकाळी खुर्ची पूर्वेच्या काठावर आणि संध्याकाळी पश्चिमेच्या काठावर ठेवतात, म्हणजे सूर्य नेहमी पाठीशी राहतो. श्वास रोखण्याच्या पैजांवर बंदीचा फलक लागला आहे. मीही बाकावर वर्तमानपत्र नेत नाही.

अहवालाची एक प्रत मी बहिणीला पाठवली, पूर्ण. तिचा दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी भाच्याचा आला.

“मामा, यातला नातेवाईक कोण?”

मी म्हणालो, “मीच.”

“मग पुढच्या सुट्टीत येऊ ना?” त्याने विचारले.