एकच प्रश्न

वसतिगृहातून बाहेर पडून मला बरीच वर्षे झाली. आता मी गडचिरोली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, जातीच्या दाखल्यांचे अर्ज भरून देण्याचे काम करतो. त्या कामात झालेली माझी एक चूक येथे नोंदवावीशी वाटते.

जुलै महिन्यात एक पालक मुलीचा अर्ज देऊन रोवणीला गेले. मुलीचा आणि त्यांचा स्वतःचा शाळेचा दाखला जोडलेला होता. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. तो मात्र नव्हता. मी त्यांना मोबाईलवर नऊ प्रश्न लिहून पाठविले : आजोबा शिकले होते का, शेती कोणाच्या नावे होती, काकांचा दाखला आहे का, मूळ गाव कोणते, वगैरे. चार दिवस उत्तर आले नाही. दिवसभर चिखलात वाकलेला माणूस बांधावर येऊन नऊ उत्तरे कशी लिहिणार?

मग मीच विचार केला, यांतील कोणत्या उत्तराने माझे पुढचे पाऊल बदलेल? दाखला 1950 मध्ये कुटुंब जेथे राहत होते, त्या भागाच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो, आणि जुनी नोंदही सहसा त्याच गावी सापडते. म्हणजे गाव कळले की कार्यालय व नोंदवही दोन्ही ठरतात. ‘मूळ गाव’ या शब्दाने मात्र घोटाळा होतो. कोणी आजोळ सांगतो, कोणी सध्याचे गाव. सन 1950 तर कोणालाच आठवत नाही. पण 16 ऑक्टोबर 1956 ची चांद्याची दीक्षा आमच्या घराघरांत आठवते.

मी फोन करून एवढेच विचारले, "दादा, चांद्याला दीक्षा झाली तेव्हा तुमचे आजोबा कोणत्या गावी राहत होते?"

"सावली तालुक्यात, भाऊ," ते लगेच म्हणाले आणि गावाचे नाव सांगितले. "तिथूनच बैलगाडीनं गेले होते."

सावली वैनगंगेपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात. येथे भरलेला अर्ज परतच आला असता. त्या गावच्या शाळेतील दाखल-खारीज नोंदवहीत आजोबांचे नाव, जातीसह, 1944 सालचे निघाले. वर जिल्हा ‘चांदा’ लिहिलेला. दीक्षेच्या आठवणीने 1956 पर्यंतच नेले होते, उरलेली सहा वर्षे या नोंदीने भरून निघाली.

आजोबा शाळेत गेलेच नसते, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवालाच्या जन्म-मृत्यू नोंदी शोधाव्या लागल्या असत्या, आणि त्यासाठी पणजोबांचे नाव विचारावे लागले असते. तो दुसरा प्रश्न झाला असता. पण पहिल्याचे उत्तर मिळाल्यावर.

आता अर्ज अडला की मी आधी हातातले कागद पुन्हा वाचतो, आणि मगच फोन उचलतो.