पट्टीखाली गेलेलं ‘नये’

खाण्याच्या पदार्थाचा पाऊच हातात आला की मी समोरचं चित्र आधी बघत नाही. पाऊच उलटा करतो आणि खालच्या सीलिंगच्या पट्टीवरून अंगठा फिरवतो. कुठली ओळ पट्टीत शिरली आहे का, कुठला शब्द चिमटला आहे का, ते पाहतो. ही सवय मला नेरडीगोंड्याच्या एका लाडवाच्या पाकिटानं लावली.

माझा मुद्रितशोधनाचा हात नांदेडच्या छापखान्यांत बसला. लग्नपत्रिका, स्मरणिका, पाठ्यपुस्तकांच्या मार्गदर्शिका, पडेल ते वाचलं. नंतर नेरडीगोंड्याला आलो. आदिलाबाद आणि निर्मलच्या मधलं हे हायवेवरचं गाव. इथूनच कुंतला धबधब्याकडे रस्ता फुटतो. पावसाळ्यात धबधबा बघायला किनवट, नांदेड, यवतमाळकडच्या गाड्या येतात. त्यामुळे इथल्या बायकांच्या एका गटानं मोहाचे लाडू पाकिटात घालून विकायचं ठरवलं, तेव्हा लेबल इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशा तीन भाषांत करायचं ठरलं. कायद्याला इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी लागते. मराठी देवनागरीतच असली तरी ती हिंदीच्या जागी चालत नाही, ती जास्तीची म्हणून छापता येते. पण जास्तीची म्हणून ती ढिली असून चालत नाही. इंग्रजीत एक आणि मराठीत दुसरंच, असं लेबल नियमातही बसत नाही आणि माणसाच्या पोटालाही धोक्याचं.

मराठी मजकूर मी तपासला. शेवटच्या ओळीत होतं: ‘पाकीट फोडल्यावर १५ दिवसांनंतर वापरू नये.’ सपाट कागदावरच्या प्रुफात सगळं बरोबर होतं. मी सही केली. पाऊच तयार होऊन आले, लाडू भरले, सील मारलं, आणि ‘नये’ पट्टीच्या आत गेलं. वाचणाऱ्याला दिसत होतं, ‘१५ दिवसांनंतर वापरू’. पहिला लॉट तसाच संपला. दुसऱ्या छपाईच्या वेळी ऑपरेटरनं जुनी फाइल न शोधता भरलेलं पाकीट समोर ठेवूनच मराठी मजकूर पुन्हा टाइप केला. ‘वापरू’ त्याला अर्धवट वाटलं. भल्या मनानं त्यानं ते पुरं केलं: ‘वापरा’. दुसरं प्रूफ माझ्यासमोर आलं तेव्हा लेबल सांगत होतं, पाकीट फोडल्यावर १५ दिवसांनंतर वापरा.

ते वाक्य मी तीनदा वाचलं. त्यात एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती. ऱ्हस्वदीर्घ ठीक, अनुस्वार ठीक, व्याकरण ठीक. फक्त ते उलटं बोलत होतं. आणि त्याचं मूळ माझ्या सहीच्या प्रुफात होतं, कारण कागद जिथं दुमडणार होता तिथं मी बघितलंच नव्हतं.

त्यानंतर मी शेजारच्या दोन भाषांकडे नीट पाहिलं. इंग्रजीत मनाई वाक्याच्या तोंडाशीच येते, ‘डू नॉट’. शेपूट कापलं गेलं तरी मनाई उरते. तेलुगूत ‘वाडरादु’ असा एकच शब्द आहे. क्रियापद आणि नकार एकमेकांत विणलेले. गेला तर सगळा शब्द जातो, आणि ओळ तुटल्याचं कुणाच्याही लक्षात येतं. मराठीत मात्र ‘वापरू’ आणि ‘नये’ सुटे आहेत, आणि ‘नये’ अगदी शेवटी. ओळ मोडली, कड कापली गेली, घडी पडली की आधी तोच जातो. आणि मागे उरतं ते वाक्य पुरं असल्यासारखं दिसतं.

आता लेबलावर मी ‘नये’ शक्यतो राहूच देत नाही. ‘ओलसर जागी ठेवू नये’ असेल तर ‘कोरड्या जागी ठेवा’ करतो. १५ दिवसांचं ते वाक्य झालं, ‘पाकीट फोडल्यावर १५ दिवसांत संपवा’. शेवटचा शब्द गेला तरी ‘१५ दिवसांत’ उरतं, आणि ते खोटं बोलत नाही.

तारखेचंही असंच. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनुसार उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि ‘एक्स्पायरी’ किंवा ‘युज बाय’ छापावंच लागतं. ‘बेस्ट बिफोर’ हवं तर सोबत घालता येतं. जुनी लेबलं समोर ठेवून नवी करणारे अजून एकटं ‘बेस्ट बिफोर’च उतरवून घेतात. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. ‘बेस्ट बिफोर’ उलटलं तर चव आणि कुरकुरीतपणा कमी होईल. ‘युज बाय’ उलटलं तर तो पदार्थ खायचा नाही आणि विकायचाही नाही. मराठीत मुदतीचा शेवटचा दिवसही ‘पूर्वी’ आणि ‘पर्यंत’ या दोन शब्दांवर ठरतो. ‘४ मेपर्यंत’ म्हटलं की चार तारीख आत धरली. ‘४ मेपूर्वी’ म्हटलं की तीन तारखेला मुदत संपली. माझ्याकडे आलेल्या प्रुफात इंग्रजीत ‘युज बाय’ होतं आणि मराठीत ‘पूर्वी’. म्हणजे एकाच पाकिटाला दोन मुदती.

त्याच प्रुफात आणखी एक गाठ होती. इंग्रजीत ‘६० दिवस’ आणि तेलुगूत ‘२ महिने’. गटातल्या अक्कांना हे एकच वाटत होतं. मी कॅलेंडर काढलं. ५ मार्चला पॅक केलेलं पाकीट. मार्चचे २६ दिवस, एप्रिलचे ३०, झाले ५६. उरलेले ४ मेमधले. साठावा दिवस ४ मे, आणि दोन महिने धरले तर ५ मे. एका दिवसानं लाडू खराब होत नाही, हे खरं. पण पाकिटावर दोन तारखा निघाल्या तर दुकानदार कुठली मानणार? शेवटी दिवस मोजायचं सोडलं आणि सरळ तारीखच शिक्क्यानं मारायची ठरवली. तीन महिन्यांच्या आत टिकणाऱ्या पदार्थाला दिवस, महिना, वर्ष या क्रमानं पूर्ण तारीख लागते. आणि शिक्का वरच्या कडेला मारायचा नाही, हेही ठरलं. तिथं फाडायची खाच असते. गिऱ्हाईक पाकीट फाडतं आणि तारीख कचऱ्यात टाकतं.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो ‘आहे’ आणि ‘असू शकतं’ यावर. लेबलाच्या तळाशी मराठीत होतं, ‘यात शेंगदाणे असू शकतात.’ मी विचारलं, शेंगदाणे घालता का? पाककृती वहीत लिहिलेली होती. १० किलोच्या घाण्याला भाजलेली मोहफुलं ४ किलो, गूळ २ किलो ८०० ग्रॅम, शेंगदाणे २ किलो, तीळ ६०० ग्रॅम, काजू ३०० ग्रॅम, तूप ३०० ग्रॅम. म्हणजे लाडवाचा पाचवा हिस्सा शेंगदाणे. मग ‘असू शकतात’ कशाला?

‘काका, लई सरळ लिहिलं तर लोक भितील म्हणून,’ एकजण म्हणाली. ‘असू शकतात म्हटलं की जरा मऊ वाटतं.’

मऊपणा इथं चालत नाही. जो घटक घातला आहे त्याला ‘कंटेन्स’, म्हणजे ‘यात आहे’. ‘मे कंटेन’ म्हणजे ‘असू शकतं’ हे, जो पदार्थ घातलेला नाही पण त्याच पाट्यावर, त्याच कढईत दुसऱ्या वेळी येतो, त्याच्यासाठी. ज्या लेकराला शेंगदाण्यानं घसा सुजतो त्याची आई ‘असू शकतं’ वाचून कधी कधी धोका पत्करते; ‘आहे’ वाचून नाही. मी वाक्य बदललं: ‘यात आहे: शेंगदाणे, काजू, दूध.’ दूध पाहून सगळ्या चकित झाल्या. ‘दूध कुठं घातलंय?’ तुपातून आलं. सूचनेत मूळ सांगायचं असतं, आणि तूप दुधाचं. तीळ मात्र आपल्याकडच्या सक्तीच्या यादीत नाहीत. अमेरिका आणि युरोपात त्यांची सूचना सक्तीची आहे. घटकांच्या यादीत तीळ ठळक वाचता येतील एवढं मी पाहिलं आणि तिथंच थांबलो.

घटकांची यादी मी एकट्यानं कधीच तपासत नाही. एकानं वही वाचायची, दुसऱ्यानं लेबल. यादीचा क्रम वजनाच्या उतरत्या भाजणीचा असतो, आणि ही यादी काजूपासून सुरू झाली होती. समोरच्या चित्रातही लाडवाभोवती काजूच काजू. दहा किलोत ३०० ग्रॅम म्हणजे ३ टक्के. २५० ग्रॅमच्या पाकिटात साडेसात ग्रॅम, पाच-सहा काजू. जो घटक शब्दानं किंवा चित्रानं पुढे केला आहे त्याची टक्केवारी छापावी लागते. ‘काजू ३%’ असं लिहिल्यावर चित्रातले काजू अक्कांनीच काढायला सांगितले. मोहाची फुलं आली. ती जास्त खरी आणि जास्त देखणी दिसतात, हे माझं मत.

अक्षरांच्या चुका सोप्या, पण ठरलेल्या. ‘शुध्द’ असं जवळजवळ प्रत्येक लेबलावर येतं. हवं ‘शुद्ध’, द आधी आणि ध नंतर. ‘गुळ’ आणि ‘तिळ’ एकटे उभे असले की दीर्घ, गूळ आणि तीळ; प्रत्यय लागला की ऱ्हस्व, गुळाचा, तिळाचा. फाइल एका फाँटातून दुसऱ्यात गेली की ‘ळ’च्या जागी चौकोन येतो, आणि ज्याला मराठी येत नाही तो तिथं ‘ल’ बसवतो. ‘गूल’ छापलेलं मी पाहिलं आहे.

वजनात मी तीन गोष्टी बघतो. ग्रॅमची इंग्रजी खूण एकच लहान ‘जी’. ‘जीएम’ नाही, ‘जीएमएस’ नाही, पुढे टिंब नाही. आकडा इंग्रजी अंकांत हवाच, देवनागरी ‘२५०’ सोबत चालतो. आणि ‘अंदाजे’, ‘किमान’ असे शब्द वजनाला चिकटलेले नकोत. २५० ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात तूट ९ ग्रॅमपर्यंत माफ असते; तिथं ‘अंदाजे’ लिहून आणखी सूट मिळत नाही.

आता सहीआधी एक काम वाढलं आहे. प्रूफ खऱ्या आकारात छापून घेतो, रेषेवर कापतो, रिकाम्या पाऊचवर चिकटवतो आणि गटाच्या सीलिंग मशीनमध्ये खालून-वरून दाबतो. मग खाचेतून फाडतो. उरलेला पाऊच मराठी वाचणाऱ्या पण हे लेबल न पाहिलेल्या कुणाकडे तरी देतो आणि मोठ्यानं वाचायला सांगतो. गेल्या वेळी गटातल्या एकीची सातवीतली मुलगी वाचत होती. तारीख वाचली, घटक वाचले, ‘यात आहे’ वाचलं. शेवटच्या ओळीवर थांबली, पाऊच उजेडाकडे धरला आणि म्हणाली, ‘काका, इथं संपवाचा ‘वा’ अर्धा पट्टीत गेलाय.’ मी प्रुफावर ती ओळ ४ मिलिमीटर वर घेण्याची खूण केली आणि ते छापखान्याला परत पाठवलं.