चौकड्यांमागचे आकडे

स्क्रीनशॉटमधला मोबाईल नंबर झाकायचा तर त्यावर मोझेक टाकावा, काळा पट्टा ओढू नये, असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आले. पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी संगणक-प्रणालीच्या माहितीपुस्तिका तयार करणं हे माझं काम. पानापानावर खातेदाराचा पडदा दिसतो आणि त्यावर नाव, खाते क्रमांक, मोबाईल. काळे पट्टे ओढलेलं पान जप्त केलेल्या कागदासारखं दिसतं. मोझेकच्या करड्या चौकड्या तिथे शोभून दिसतात, आणि इथे काहीतरी आकडे आहेत हेही शिकणाऱ्याला कळतं.

पण माझं मत नुसतं दिसण्यावर उभं नव्हतं. माझ्याकडे गणित होतं, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. मोझेक करताना संगणक आठ पिक्सेल रुंद, आठ पिक्सेल उंच असा चौकोन घेतो. त्यातल्या चौसष्ट पिक्सेलच्या रंगांची सरासरी काढतो आणि पूर्ण चौकोन त्या एकाच रंगाने भरतो. चौसष्ट किमतींची एक झाली. एका सरासरीवरून मूळच्या चौसष्ट किमती कोणी कशा काढणार? माहिती नष्ट झाली, विषय संपला. सिनेमात पोलीस अंधूक चित्र ‘साफ’ करून गाडीचा नंबर वाचतात तेव्हा मी हसायचे.

हे गणित आजही बरोबरच आहे. बदललं ते एवढंच, की या गणिताचा प्रश्नाशी संबंध नाही हे मला कळलं.

२०२२च्या फेब्रुवारीत बिशप फॉक्स या सुरक्षा-कंपनीतल्या डॅन पेट्रो यांनी मोझेकखालचा मजकूर वाचून दाखवला आणि त्यासाठी लिहिलेलं ‘अनरिडॅक्टर’ हे साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. जम्पसेक या दुसऱ्या कंपनीने, हे वाचून दाखवा, असं आव्हान देऊन ठेवलेलं चित्र त्यांनी सोडवलं होतं. आमच्याकडे मांडणीचं काम करणाऱ्या मुलाने मला ते सांगितलं तेव्हा मी माझं चौसष्ट आणि एकाचं गणित त्याच्यापुढे ठेवलं. तो म्हणाला, “ताई, उलटं कोण करतंय? मी सुलटंच करणार. सगळे आकडे स्वतः टाइप करायचे, त्यावर तुमचाच मोझेक मारायचा आणि जुळतंय का बघायचं.”

त्याचं म्हणणं मी आकड्यांत मांडून पाहिलं. समजा पडद्यावरचा एक अंक बारा पिक्सेल रुंद आणि अठरा उंच आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं आहेत. पांढऱ्याची किंमत २५५, काळ्याची शून्य. एखाद्या चौकोनात अंकाचे सोळा पिक्सेल काळे आले तर सरासरी येते १९१. चोवीस आले तर १५९. हा फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो, संगणकाला तो लख्ख दिसतो. एकाच्या आकड्यात शाई कमी, आठच्या आकड्यात जास्त, साताची शाई वर साचलेली. म्हणजे चौकोनाचा करडेपणा ही त्या अंकातल्या शाईची मोजणीच आहे, आणि ती मी स्वतःच्या हाताने पानावर छापत होते.

आता डावीकडून सुरू करू. पहिल्या अंकाच्या जागी शून्य ते नऊ एकेक टाइप करायचा, मोझेक मारायचा आणि सर्वांत डावीकडच्या चौकोनांचा करडेपणा ताडून पाहायचा. अंक बारा पिक्सेलचा आणि चौकोन आठचा, त्यामुळे चौकोनांचा पहिला स्तंभ निव्वळ पहिल्या अंकाचा असतो. दुसऱ्या स्तंभात मात्र पहिल्याची शेपटी आणि दुसऱ्याचं तोंड एकत्र मिसळतं. अशी सरमिसळ झाली की हल्लेखोर अडकेल असं मला वाटलं होतं. तो अडकत नाही. पहिला अंक ठरला की तो कायम ठेवून दुसऱ्यासाठी पुन्हा दहा पर्याय तपासायचे. शून्य आणि सहा यांचा डावा भाग जवळपास सारखा, त्यामुळे तिथे शंका राहिली तर दोन्ही पर्याय हातात ठेवून पुढे जायचं; पुढच्या स्तंभात त्यातला एक गळतो. दहा अंकी क्रमांकाचे एकूण पर्याय एक हजार कोटी. पण अंकामागून अंक असं गेलं तर दर अंकाला दहा, म्हणजे शंभराच्या आसपास प्रयत्न पुरतात. शंका राहिल्या तर काहीशे. हजार कोटींच्या भरवशावर मी निश्चिंत होते, आणि तो भरवसा शंभरावर आला.

हल्लेखोराला फॉन्ट कसा कळणार, हा माझा पुढचा मुद्दा. त्याचं उत्तर मला सर्वांत जास्त लागलं, कारण ते माझ्याच पानावर होतं. स्क्रीनशॉटमध्ये झाकलेल्या नंबराच्या वरच्या ओळीत तारीख असते, खालच्या ओळीत रक्कम असते, तीही त्याच फॉन्टमध्ये, त्याच आकारात, त्याच ओळींच्या अंतराने. छायाचित्रात कॅमेरा तिरका असतो, उजेड कमी-जास्त असतो, कागदाला सुरकुती असते. स्क्रीनशॉटमध्ये यातलं काहीच नसतं. तेच अक्षर पुन्हा टाइप केलं तर बहुतेक वेळा पिक्सेल न् पिक्सेल तसंच उमटतं. चौकड्यांची जाळी अक्षरावर नेमकी कुठून सुरू झाली हे माहीत नसेल, तर आठ गुणिले आठ अशा चौसष्टच जागा तपासायच्या. म्हणजे वाचता येण्याच्या दृष्टीने स्क्रीनशॉट हा छायाचित्रापेक्षा खूप जास्त उघडा असतो, आणि मी नेमकी तिथेच मोझेकची शिफारस करत होते.

ब्लर त्याहून बरा असेल अशी पळवाट मी शोधली. तो बरा नाही. ब्लरमध्ये प्रत्येक पिक्सेलची किंमत आजूबाजूच्या पिक्सेलच्या सरासरीने ठरते, जवळच्यांचं वजन जास्त आणि लांबच्यांचं कमी. पण प्रत्येक पिक्सेलला स्वतःची किंमत उरते. मोझेक चौसष्टांतून एक मोजमाप शिल्लक ठेवतो, ब्लर चौसष्टच्या चौसष्ट ठेवतो, फक्त पुसट. अंदाज करून ताडून पाहणाऱ्याला जितकी मोजमापं जास्त तितकं सोपं. सॅन डिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६मध्येच मोझेक आणि ब्लर या दोहोंखालचा मजकूर वाचता येतो हे दाखवलं होतं, तेही आवाज ओळखण्यासाठी पूर्वापार वापरात असलेल्या गणिती पद्धतीने. मी त्यानंतरही अनेक पुस्तिका मोझेक वापरून छापल्या.

माझ्या जुन्या मताची एक बाजू मात्र मी सोडलेली नाही. चौकोन पुरेसा मोठा घेतला तर मोझेक खरंच लपवतो. दहा अंकांचा अख्खा नंबर दोनच चौकोनांत बसवला, तर त्या दोन चौकोनांच्या जास्तीत जास्त २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ वेगवेगळ्या जोड्या होतात. एक हजार कोटी नंबर तेवढ्या जोड्यांत वाटले तर एकेका जोडीच्या वाट्याला सरासरी दीड लाख नंबर येतात आणि त्यांतला खरा कोणता हे कोणालाच सांगता येत नाही. पण तेव्हा पानावर दोन करडे ठोकळे उरतात आणि मोझेकचं जे देखणेपण मला हवं होतं तेच जातं. शिवाय हा हिशोब लांब नंबरापुरताच. चार अंकी पिनचे पर्याय दहाच हजार. तिथे दोन चौकोनसुद्धा पुष्कळ बोलतात.

मग काळा पट्टा. मी त्याच्याकडे आले ते नाराजीनेच, आणि तोही डोळे मिटून विश्वास ठेवावा असा नाही हे लगेच कळलं. फोनमधल्या मार्कअपमध्ये पेन असतं आणि हायलाइटरही असतो. काळ्या रंगाचा हायलाइटर दोन-तीनदा फिरवला की डोळ्याला पट्टा पूर्ण काळा दिसतो. तो पारदर्शक असतो. खालच्या काळ्या अक्षराची किंमत शून्य राहते, आणि खालचा पांढरा भाग पाच-सहावर येऊन थांबतो. फोटो-ॲपमध्ये उजेड आणि एक्स्पोजर टोकाला नेला की तो पाच-सहांचा फरक वाचता येण्याइतका मोठा होतो. म्हणून मी आता पट्टा हाताने ओढत नाही, संगणकावर भरीव चौकोन काढते:

```
magick in.png -fill black -draw "rectangle 120,340 620,380" -strip out.png
magick out.png -crop 490x30+125+345 -format "%k" info:
```

दुसरी ओळ पट्ट्याच्या आतल्या भागात किती वेगवेगळे रंग आहेत ते मोजते. उत्तर 1 आलं पाहिजे. त्याहून जास्त आलं तर पट्टा नाही, पडदा आहे, आणि पडद्यामागे कोणीतरी उभं आहे.

रंग एकच असला तरी पट्ट्याची लांबी बोलते. नंबराच्या बाबतीत ती निरुपद्रवी, कारण मोबाईल दहा अंकी असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. नावाचं तसं नाही. अक्षरांना चिकटून पट्टा काढला तर ‘लेले’ आणि ‘कुलकर्णी’ यांतला फरक पट्टाच सांगतो. शाखेतल्या खातेदारांची नावं ज्याला माहीत आहेत, त्याला तेवढी रुंदी मोजून यादी चार-पाच नावांवर आणता येते. त्यामुळे पट्टा नावाएवढा न काढता पूर्ण रकान्याएवढा काढायचा, मग नाव कोणतंही असो.

आणि झाकायच्या ऐवजी तो भाग कापूनच टाकला तर? तिथेही एकदा घात झाला आहे. २०२३च्या मार्चमध्ये साइमन आरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन यांनी दाखवलं की गुगल पिक्सेल फोनवरच्या मार्कअपमध्ये कापलेलं चित्र जुन्या फाइलवरच लिहिलं जायचं आणि जुन्या फाइलचा उरलेला शेवट तसाच मागे राहायचा. त्या शेपटीतून कापलेल्या भागाचा बराचसा परत मिळवता येत होता. विंडोज ११च्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष निघाला. दोन्ही दुरुस्त झाले. पण आधी पाठवलेल्या फाइल्स दुरुस्त होत नाहीत. म्हणून कापलेलं चित्र मी नव्या नावाने, नव्या फाइलमध्ये जतन करते.

आता माझी पद्धत अशी आहे. स्क्रीनशॉट घेण्याआधीच प्रणालीच्या चाचणी-प्रतीत खोटा खातेदार तयार करते: नाव ‘अबक पाटील’, मोबाईल ‘1234567890’, शिल्लक मनाला येईल ती. तसं करणं शक्य नसेल तिथे पूर्ण रकान्याचा काळा पट्टा. मांडणी करणारा तो मुलगा अजून कुरकुरतो, पान बोडकं दिसतं म्हणतो. त्याला मी मोझेकची परवानगी दिली आहे, फक्त ‘अबक पाटील’च्या पानांवर.